एकाच शीटवर १:२००, १:५० आणि १:२०: अ‍ॅनोटेटिव्ह डायमेन्शनकडे वळताना गेलेले चार दिवस

ऑटोकॅडमध्ये बंगल्याचं एक ड्रॉइंग होतं. ए-टू शीटवर तीन चित्रं हवी होती: प्लॉटसकट साइट प्लॅन १:२०० मध्ये, तळमजला १:५० मध्ये आणि त्याच तळमजल्यातलं टॉयलेट १:२० मध्ये. कागदावर जागेची अडचण नव्हती. २० बाय १५ मीटरचा प्लॉट १:२०० ला १०० बाय ७५ मिमी होतो, १२.४ बाय ९.६ मीटरचा बंगला १:५० ला २४८ बाय १९२ मिमी आणि २.४ बाय १.५ मीटरचं टॉयलेट १:२० ला १२० बाय ७५ मिमी. ए-टू म्हणजे ५९४ बाय ४२०, तेव्हा टायटल ब्लॉक धरूनही सगळं ऐसपैस बसतं.

अडचण आकड्यांची होती. तोवर प्रत्येक स्केलसाठी डायमेन्शनचा वेगळा लेयर असायचा, `DIM-200`, `DIM-50` आणि `DIM-20`, आणि ज्या व्ह्यूपोर्टमध्ये जो नको तो फ्रीझ करायचा. ही पद्धत चालते, पण एकच माप दोनदा लिहावं लागतं. टॉयलेटची एक भिंत ७५ मिमी सरकली, १:२० चं माप १५७५ झालं आणि १:५० वर १५०० तसंच राहिलं. साइटवर मिस्त्रीच्या हातात दोन्ही आकडे एकाच कागदावर गेले. तेव्हा ठरवलं की हे ड्रॉइंग अ‍ॅनोटेटिव्ह करायचं. ही सोय ऑटोकॅड २००८ पासून आहे. टाळणारे अजूनही पुष्कळ आहेत, आणि का टाळतात ते तिसऱ्या दिवशी कळलं.

सोमवार, ७ जुलै

आधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवली. हे काम मागे फिरवायला किचकट आहे.

मग हिशेब. कागदावर अक्षर २.५ मिमी उंच हवं असेल तर मॉडेल स्पेसमध्ये ते १:५० साठी १२५ मिमी उंच लागतं. तेच १२५ मिमीचं अक्षर १:२० च्या व्ह्यूपोर्टमधून पाहिलं तर कागदावर ६.२५ मिमी येतं, म्हणजे शीर्षकाएवढं. १:२०० मधून पाहिलं तर ०.६ मिमी, मुंगीएवढं. अ‍ॅनोटेटिव्ह वस्तूला आपण फक्त कागदावरची उंची सांगतो. तिच्यासोबत स्केलांची यादी असते, आणि यादीतल्या प्रत्येक स्केलसाठी ऑटोकॅड तिचं वेगळं रूप ठेवतं: १:५० साठी १२५ मिमीचं, १:२० साठी ५० मिमीचं. आकडा एकच, रूपं दोन. ज्या व्ह्यूपोर्टचं स्केल यादीत नाही, तिथे ती वस्तू दिसतच नाही. पुढचा बहुतेक गोंधळ या शेवटच्या वाक्यातून निघतो.

स्केलांची यादी उघडली, `SCALELISTEDIT`. इकडून तिकडून आलेल्या एक्सरेफमुळे `_XREF` शेपटी लागलेली डझनावारी स्केलं साचली होती. `Reset` करून यादी स्वच्छ केली. त्या यादीत १:२०० नव्हतं. `Add` करून नाव `1:200`, कागदाचं एकक 1, ड्रॉइंगचं एकक 200 असं भरलं. हे ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे म्हणून एवढं सोपं. मीटरमध्ये काढलेलं ड्रॉइंग असेल तर १:१०० म्हणजे कागदाचे 10 बरोबर ड्रॉइंगचं 1, आणि ते स्केल `1:100m` अशा वेगळ्या नावाने करून ठेवलेलं बरं. नेहमीचं `1:100` निवडलं तर अक्षरं हजारपट मोठी येतात.

सुरुवातीलाच हे तपासून घेतलं:

```
INSUNITS       4
LTSCALE        1
PSLTSCALE      1
MSLTSCALE      1
ANNOAUTOSCALE  -4
```

जुन्या फाइलीत `LTSCALE` 50 होतं. ते तसंच ठेवून `MSLTSCALE` सुरू केलं की तुटक रेघा अखंड दिसायला लागतात, कारण दोन्हींचा गुणाकार होतो. 1 केल्यावर `REGENALL` द्यावं लागतं.

आता शैली. `STYLE` मध्ये नवी टेक्स्ट शैली, `Annotative` वर टिक. डायमेन्शनला वापरायच्या शैलीत उंची 0 ठेवली. तिथे २.५ ठोकून बसवली तर डायमेन्शन शैलीतल्या उंचीला काही अर्थ उरत नाही, आणि नंतर तो आकडा कितीही बदलला तरी काही होत नाही. खोल्यांच्या नावांसाठी वेगळी शैली, `Paper Text Height` 3.5. नावं मराठीत हवी असतील तर युनिकोड ट्रूटाइप फॉन्ट घ्यावा. एसएचएक्स फॉन्टमधून देवनागरी येत नाही, आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधलं `स्वयंपाकघर` दुसऱ्याच्या संगणकावर भलतंच काहीतरी होऊन उघडतं.

`DIMSTYLE` मध्ये `Fit` या पानावर `Annotative` ची टिक आहे. ती केली की शेजारचा ओव्हरऑल स्केलचा आकडा निकामी होतो, आणि ते बरोबरच आहे. बाकीची सगळी मापं कागदावरच्या मिलिमीटरमध्ये: अक्षर 2.5, टिकची खूण 1.5, रेघ पुढे काढायची 1.25, भिंतीपासून सोडायची फट 2. टिप्पण्यांच्या बाणांसाठी `MLEADERSTYLE` मध्ये `Leader Structure` पानावर तीच टिक. झालेल्या शैलींच्या नावाशेजारी त्रिकोणी पट्टीचं छोटं चिन्ह दिसतं. ते दिसलं नाही तर काहीतरी राहिलं समजा.

या सगळ्याला जेमतेम दोन तास लागले.

मंगळवार, ८ जुलै

जुनी मापं आणि मजकूर बदलायचा दिवस, आणि पहिली मोठी चूक.

खोल्यांची सगळी नावं निवडली, प्रॉपर्टीजमध्ये `Annotative` समोर `Yes` केलं. काहीच बदल दिसला नाही, म्हणून खूश होऊन खाली उजव्या कोपऱ्यात अ‍ॅनोटेशन स्केल १:५० केलं आणि नव्या वस्तूसारखं तेच स्केल नावांना जोडलं. पडद्यावर बंगला नाहीसा झाला. 'हॉल' हा शब्द सव्वासहा मीटर उंच झाला होता.

कारण असं. `Yes` करताना त्या क्षणी जे अ‍ॅनोटेशन स्केल चालू असेल, तेच त्या वस्तूचं पहिलं स्केल होतं, आणि ऑटोकॅड मॉडेलमधली उंची न हलवता कागदावरची उंची उलट मोजून काढतं. चालू स्केल १:१ होतं, म्हणून १२५ मिमीच्या अक्षराची कागदावरची उंची १२५ ठरली. त्याला १:५० जोडल्यावर १२५ गुणिले ५०, म्हणजे ६२५०. `U` देऊन परत आलो, आधी `CANNOSCALE` 1:50 केलं, मग `Yes`. आता प्रॉपर्टीजमध्ये `Paper text height` 2.5 दिसलं. कुठलंही जुनं ड्रॉइंग बदलताना हा एक आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो कागदावरच्या मिलिमीटरसारखा वाटला पाहिजे. शंभराच्या घरात असेल तर क्रम चुकला.

डायमेन्शनसाठी वेगळा रस्ता घेतला. चालू स्केल १:५० ठेवूनच `DIM-50` लेयरवरची सगळी मापं निवडली, त्यांची शैली नव्या अ‍ॅनोटेटिव्ह शैलीवर नेली आणि `ANNOUPDATE` दिलं. आधीच्या शैलीत फक्त टिक केली तर जुनी मापं आपोआप बदलत नाहीत. ती नव्याने घातलेल्यांनाच लागू होते, आणि मग एकाच शैलीची दोन जातीची मापं ड्रॉइंगमध्ये फिरत राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: मापावर कर्सर नेला की शेजारी त्रिकोणी पट्टी दिसते. एक पट्टी म्हणजे एकच स्केल, दोन पट्ट्या म्हणजे एकाहून जास्त. काहीच नाही दिसलं तर ते माप अजून जुनंच आहे.

काही मापांवर कोणीतरी हाताने ओव्हरराइड दिले होते, अक्षरउंची 125 वगैरे. ती शैली बदलूनही राक्षसासारखी आली. अशी दहा-बारा मापं पुसून नव्याने घातली; दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते लवकर झालं.

ब्लॉकचंही याच दिवशी उरकलं. दरवाज्याची खूण आणि सेक्शनचा बाण ही कागदावरची चिन्हं आहेत. ती कागदाच्या मापात, म्हणजे दरवाज्याच्या खुणेचं वर्तुळ ८ मिमी व्यासाचं काढून, ब्लॉक करताना `Annotative` टिक केली. १:५० ला ते आपोआप ४०० मिमीचं बसतं. कमोड, बेसिन, दरवाजे या खऱ्या वस्तू, त्यांना ही टिक चुकूनही नको. फरशीच्या हॅचलाही नको, कारण ६०० ची फरशी कुठल्याही स्केलमध्ये ६०० चीच राहिली पाहिजे. मातीचं किंवा काँक्रीटचं हॅच मात्र नुसतं चिन्ह असतं, तिथे चालतं.

बुधवार, ९ जुलै

लेआउटमध्ये `MVIEW` ने तीन चौकटी केल्या. प्रत्येक चौकट निवडून खालच्या पट्टीतून स्केल दिलं: १:२००, १:५०, १:२०. या यादीतून दिलं की व्ह्यूपोर्टचं स्केल आणि अ‍ॅनोटेशन स्केल दोन्ही एकदम बदलतात. मग लगेच कुलूप लावलं.

१:५० ची चौकट छान भरली. १:२० मध्ये टॉयलेटच्या भिंती होत्या, पण एकही आकडा नाही. इथे घाबरून बहुतेक जण खालच्या पट्टीतलं आपोआप-स्केल-जोडायचं बटण दाबतात. मीही दाबलं, कुलूप तेवढ्यापुरतं काढून चौकटीला आधी १:५० आणि मग पुन्हा १:२० दिलं. आकडे आले. त्यानंतर १:२०० ची चौकटही तशीच पुन्हा दिली, आणि साइट प्लॅनवर बंगल्याचं प्रत्येक माप, प्रत्येक खिडकीची खूण, खोलीचं प्रत्येक नाव येऊन साचलं. वाचायला काही उरलं नाही.

ते बटण म्हणजे `ANNOAUTOSCALE`. 4 असताना नवीन स्केल निवडताच, आधीचं स्केल यादीत असलेल्या ड्रॉइंगमधल्या झाडून सगळ्या अ‍ॅनोटेटिव्ह वस्तूंना ते स्केल जोडलं जातं. म्हणूनच सोमवारी -4 करून ठेवलं होतं, आणि मीच ते मोडलं. `U` करण्याइतकं जवळ नव्हतं, म्हणून सगळं निवडून `OBJECTSCALE`, यादीतून 1:200 निवडून `Delete`, पुन्हा तसंच 1:20. त्या डायलॉगमध्ये दोन पर्याय असतात: निवडलेल्या सगळ्यांत समान असलेली स्केलं दाखवायची, की कुठल्याही एकात असलेली. समान हा पर्याय चालू असेल आणि एखाद्या वस्तूला 1:200 नसेल तर ते यादीत दिसतच नाही आणि वाटतं की ते गेलं. दुसरा पर्याय घ्यायचा. आणि एखाद्या वस्तूचं उरलेलं एकमेव स्केल काढता येत नाही, ते ऑटोकॅड काढू देत नाही.

त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन ठरवलं की कुठलं माप कुठे हवं, आणि खरं काम हेच होतं.

टॉयलेटची आतली लांबी-रुंदी, २४०० आणि १५००, मजल्याच्या प्लॅनवरही हवी आणि डिटेलमध्येही. या दोन मापांना १:५० आणि १:२० दोन्ही. बंगल्याची बाहेरची एकूण मापं मजल्यावर आणि साइट प्लॅनवर, म्हणून १:५० आणि १:२००. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ४५०, बेसिनचा मध्य, फ्लोअर ट्रॅपची जागा ही फक्त डिटेलची मापं. ती १:२० च्या व्ह्यूपोर्टमध्ये डबल-क्लिक करून आतूनच घातली. तिथे घातलेल्या मापाला आपोआप त्याच व्ह्यूपोर्टचं स्केल मिळतं, वेगळं काही करावं लागत नाही. खिडक्यांची मापं फक्त १:५०. असं करून शे-सव्वाशे मापांपैकी दोन स्केलं लागली ती जेमतेम आठ मापांना. `DIM-20` वरची जुनी दुहेरी मापं पुसून टाकली.

आठांनाही एक काम उरलं. १५०० च्या मापाची रेघ १:५० मध्ये भिंतीपासून कागदावर १० मिमीवर होती, म्हणजे मॉडेलमध्ये ५०० मिमी. १:२० मध्ये तीच रेघ २५ मिमी लांब जाते आणि चौकटीच्या बाहेर कापली जाते. १:२० च्या व्ह्यूपोर्टमध्ये जाऊन ते माप निवडलं, निळी ग्रिप ओढून भिंतीपासून २०० मिमीवर आणली. १:५० मधली रेघ जागची हलली नाही. मापाचे दोन टोकबिंदू दोन्ही रूपांना सामाईक असतात, रेघेची आणि अक्षराची जागा मात्र ज्याची त्याची. म्हणूनच भिंत सरकली तर दोन्हीकडचा आकडा एकदमच बदलतो. मात्र हे ग्रिपनेच करायचं. `MOVE` वापरलं तर सगळी रूपं सोबत सरकतात. निवडल्यावर दुसरं रूप फिकट दिसत नसेल तर `SELECTIONANNODISPLAY` 1 करावं. फार विस्कटलं तर `ANNORESET` सगळी रूपं चालू स्केलच्या जागेवर आणतं, पण तेव्हा हाताने लावलेलं सगळं जातं. आठांपैकी दोघांवर ते वापरलं आणि पुन्हा लावत बसलो.

संध्याकाळी भिंतीची परीक्षा घेतली. मॉडेल स्पेसमध्ये चालू स्केल १:५० ठेवून टॉयलेटची भिंत `STRETCH` ने ७५ मिमी सरकवली. २४०० बाय १५७५ दोन्हीकडे बरोबर झालं. पण कमोडचं ४५० चं माप जुन्या भिंतीच्या जागी लटकत राहिलं. ते फक्त १:२० चं होतं, म्हणून १:५० मध्ये दिसत नव्हतं. दिसत नाही ते खिडकी ओढून निवडलंही जात नाही. ते माप भिंतीला जोडलेलं असतं तर आपोआप आलं असतं, पण ते घालताना फाइलीत `DIMASSOC` 2 नव्हतं. तेव्हापासून मॉडेलमध्ये काही सरकवायचं असेल तर आधी `ANNOALLVISIBLE` 1 करतो. गर्दी दिसते, दिसू दे. काम झालं की 0. ही किंमत मॉडेलला आणि प्रत्येक लेआउटला वेगवेगळी असते, त्यामुळे एकीकडे बंद केली म्हणजे सगळीकडे झाली असं नाही.

गुरुवार, १० जुलै

सकाळी पीडीएफ काढली. प्लॉटचं स्केल 1:1, `Fit to paper` बंद. छपाईच्या दुकानात ए-टूचे साठ रुपये दिले आणि स्टीलची पट्टी लावली. तळमजला अचूक २४८. टॉयलेट मात्र १२० ऐवजी जवळपास १२४.

आदल्या दिवशी ग्रिप ओढण्यासाठी १:२० च्या चौकटीचं कुलूप काढलं होतं आणि आत असताना माऊसचं चाक फिरलं. व्ह्यूपोर्टचं स्केल १:१९.३७ झालं, अ‍ॅनोटेशन स्केल मात्र १:२० च राहिलं, कारण झूम केल्याने ते बदलत नाही. अक्षर २.५ ऐवजी २.५८ मिमी आलं, जे डोळ्यांना कळत नाही. पडद्यावर खूण होती, ती पाहिली नाही: खालच्या पट्टीत दोन स्केलं जुळत नसल्याचं चिन्ह येतं, आणि प्रॉपर्टीजमध्ये `Custom scale` समोर 0.05 ऐवजी 0.0516 दिसतं. त्या चिन्हावर क्लिक केलं की दोन्ही जुळतात. ग्रिप ओढायला कुलूप काढायची मुळात गरजच नव्हती. कुलूप फक्त झूम आणि सरकवणं अडवतं, आतली वस्तू बदलायला हरकत घेत नाही.

दुसरा प्लॉट, आणखी साठ रुपये. १२०, २४८, १००. अक्षरं तिन्हीकडे सारखी.

दरवाजे-खिडक्यांचा तक्ता अ‍ॅनोटेटिव्ह होत नाही, ती सोय टेबलला नाहीच. तो लेआउटमध्ये कागदाच्या मापात ठेवला. स्ट्रक्चरलवाल्यांना फाइल देताना लेआउट `EXPORTLAYOUT` ने साध्या ड्रॉइंगमध्ये काढून दिला, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्केलची ही रूपं कशी उघडतील याची खात्री नव्हती. २००८ च्या आधीच्या आवृत्तीसाठी जतन करायचं असेल तर `SAVEFIDELITY` 1 ठेवावं. मग प्रत्येक रूप वेगळ्या लेयरवर जातं, लेयरच्या नावापुढे आकडा लागून. म्हणजे समोरच्याला मिळतात पुन्हा ते तीन लेयर, फक्त या वेळी सगळ्यांवर माप १५७५ च असतं.